शहाळ्याचं पाणी n, 2n की 3n? पिढ्यांचं एकांतरण असं सोडवा

उजळणीला बसल्यावर मॉस, नेचा, पाइन आणि नारळ या चारही वनस्पतींची जीवनचक्रं पाठ करायला घेऊ नका. चार गोल आकृत्या दोन दिवसांत एकमेकींत मिसळतात. त्याऐवजी कोऱ्या कागदावर एकच वर्तुळ काढा आणि त्यावर समोरासमोर दोन खुणा करा, एक मायोसिसची आणि दुसरी फलनाची. मायोसिसपासून फलनापर्यंतच्या भागात गुणसूत्रांचा एकच संच, म्हणून तो n, म्हणजे गॅमेटोफाईट. फलनापासून मायोसिसपर्यंत दोन संच, म्हणून तो 2n, म्हणजे स्पोरोफाईट. या दोन पिढ्या आळीपाळीने येतात, तेच पिढ्यांचं एकांतरण. आता कुठलाही अवयव हातात घेतला की विचारायचं: हा कशापासून तयार झाला, आणि त्याआधी यांतली कोणती घटना घडली?

एक चूक इथेच टाळा. प्राण्यांच्या सवयीने आपण लिहून जातो की मायोसिसने युग्मकं तयार होतात. वनस्पतींत मायोसिसने स्पोअर तयार होतात. युग्मकं पुढे गॅमेटोफाईटमध्ये साध्या मायटोसिसने होतात, कारण तो मुळातच n असतो.

सुरुवात जांभ्याच्या गडग्यावरच्या मॉसपासून करा. हिरवी पानं असलेलं मॉस n. त्यावर उभी राहिलेली केसासारखी दांडी आणि टोकाची कुपी झायगोटपासून वाढते, म्हणून 2n. ती हिरव्या झाडावरच पोसली जाते. कुपीवरची पातळ टोपी चिमट्याने उचलून बघा. ती 2n कुपीवर बसलेली असली, तरी अंडपेशी जिच्यात होती त्या जुन्या आर्किगोनियमच्या फाटलेल्या भिंतीची आहे, म्हणून n. जागेवरून उत्तर दिलं की चुकतं, उगमावरून दिलं की बरोबर येतं.

विहिरीच्या भिंतीतल्या नेच्यात पारडं उलटतं. दिसतो तो नेचा 2n. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांत मायोसिस होऊन स्पोअर सुटतात आणि ओल्या मातीत काही मिलिमीटरचा, बदामाच्या आकाराचा हिरवा प्रोथॅलस उगवतो. तो n आहे आणि स्वतःचं अन्न स्वतः करतो. इथे दोन्ही पिढ्या सुट्या जगतात.

सूचिपर्णीसाठी मात्र किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात जाऊ नका. सुरूची 'सुई' ओढली तर सांध्यासांध्यावर सुटते. ती पान नसून फांदी आहे, खरी पानं म्हणजे सांध्यावरचे बारीक दाते. त्याचा 'शंकू' हा फळांचा गुच्छ आहे. सुरू सपुष्प वनस्पती आहे. पाइन कोकणात आपसूक वाढत नाही, पण हिमालयातल्या एका पाइनचं बी सुकामेव्याच्या दुकानात मिळतं: चिलगोजा.

चिलगोजा सोलून उभा चिरा. मधोमध काडीसारखा गर्भ दिसेल. पाइनमध्ये 2n = 24 गुणसूत्रं, म्हणून गर्भ 24. बाहेरचं कवच आईच्या झाडाचं, तेही 24. आणि या दोहोंमधला पांढरा, तेलकट गर, जो आपण मुख्यतः खातो? बीजांडात मायोसिस होऊन चार पेशी झाल्या, त्यांतली एक उरली आणि तिच्यापासून हा गर वाढला. त्यातच आर्किगोनियम होती. म्हणजे हा गर म्हणजे मादी गॅमेटोफाईट, n = 12. एका बीमध्ये आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या.

आता नारळ. त्याचे 2n = 32. मादी गॅमेटोफाईट इथे इतका आटला की सात पेशींचा भ्रूणकोश तेवढा राहिला. एक शुक्रपेशी अंडपेशीला मिळते: 16 + 16 = 32, हा गर्भ. दुसरी शुक्रपेशी मधल्या पेशीतल्या दोन केंद्रकांना मिळते: 16 + 16 + 16 = 48. यापासून एंडोस्पर्म होतो. सुरुवातीला त्यात पेशींच्या भिंती नसतात, नुसती केंद्रकं द्रवात तरंगतात, आणि तेच शहाळ्याचं पाणी. पुढे कडेने भिंती येऊन खोबरं धरतं. म्हणून पाणी आणि खोबरं दोन्ही 3n.

चिलगोजाचा गर आणि खोबरं दोन्ही गर्भाचं अन्नच, आणि जुन्या सवयीने दोन्हींना 'एंडोस्पर्म' म्हणतात, म्हणून परीक्षेत गोंधळ होतो. पाइनमधला फलनाआधी तयार होतो, नारळातला फलनानंतर. तो 3n एंडोस्पर्म गॅमेटोफाईटही नाही आणि स्पोरोफाईटही नाही. आकृतीत त्याला वर्तुळाबाहेर काढा.

आता सोडण, करवंटी, खोबऱ्याला चिकटलेली तपकिरी साल आणि कोंब आलेल्या नारळातला गोड, फुसफुशीत गोळा यांचे आकडे वही न उघडता लिहून बघा. पहिल्या तिन्ही आईच्या, म्हणून 32. गोळाही 32, पण वेगळ्या कारणाने: तो खोबऱ्याचा भाग नसून गर्भाच्याच बीजपत्राचा फुगलेला भाग आहे, आणि तो 48 वाल्या खोबऱ्यातलं अन्न शोषून कोंबाला पुरवतो.