फोडकामाआधी: एकाच जागेवरून दोन फोटोंची तयारी

सोलापूरच्या साखर पेठेतल्या जुन्या घराचं स्वयंपाकघर करायला घेतलंय असं धरा. शहाबादी फरशीवर टाइल्स बसणार, ओटा नवा होणार, भिंती रंगणार. दार आणि खिडकी मात्र तीच राहणार. मिस्त्री हातोडा उचलण्याआधी पहिला फोटो हवा, आणि त्याआधी कॅमेऱ्याची जागा लिहून ठेवलेली हवी.

बहुतेक लोक फरशीवर खडूची खूण करतात. ती उपयोगाची नाही, कारण फरशीच झाकली जाते आणि टाइल्स-मसाल्यानं जमीन पाचेक सेंटिमीटर वर येते. म्हणून मापं न बदलणाऱ्या वस्तूपासून घ्या. इथं दाराची चौकट आहे. गणेशपट्टीवरून ओळंबा सोडून लेन्स पट्टीच्या किती खाली आहे ते मोजा, मग डाव्या बाजूपासून किती आत आणि चौकटीच्या किती मागे तेही. समजा खाली 70, आत 45, मागे 30 सेंटिमीटर. हे आकडे वहीत लिहा आणि वहीचाही फोटो काढून ठेवा.

मोबाइल ट्रायपॉडवर, जमिनीशी काटकोनात धरा. दोन्ही वेळा तोच मोबाइल आणि तोच 1x. 0.5x वर खोली मोठी दिसते. नंतरच्या फोटोला तो वापरणं म्हणजे बघणाऱ्याला फसवणं.

दुसऱ्या फोटोच्या वेळी मापांवर थांबू नका. पहिला फोटो समोर धरून बघा: जवळच्या चौकटीची कड पलीकडच्या खिडकीच्या कितव्या गजावर येते? तेव्हा तिसऱ्यावर होती आणि आता दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे आली, तर कॅमेरा बाजूला सरकलाय. फोटो थोडा तिरका किंवा लहानमोठा आला तर एडिटिंगमध्ये सुधारतो; जवळच्या-लांबच्या वस्तूंची सरकलेली जोडी सुधारत नाही. कॅमेराच हलवावा लागतो.

उजेडात सगळ्यात जास्त अन्याय होतो. ऑटोवर मोबाइल काजळलेल्या भिंतीला उजळवतो आणि पांढऱ्या टाइल्सना करडं करतो. म्हणून प्रो मोडमध्ये ISO, शटर आणि व्हाइट बॅलन्सचे पहिले आकडे दुसऱ्यांदाही तसेच ठेवा. दिवे दोन्ही वेळा बंद, वेळ तीच. सोलापुरात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, डिसेंबरात दक्षिणेकडे बराच कललेला. खिडकी दक्षिणेला असेल तर तेव्हा ऊन थेट ओट्यावर येईल आणि त्याचं श्रेय टाइल्सना जाईल. काम मेमध्ये सुरू झालं आणि लांबलं, तर ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य पुन्हा त्याच उंचीवर येतो, फक्त दिवस निरभ्र मिळायला हवा.

भांडी, पिशव्या, कॅलेंडर: आधी पसारा आणि नंतर मोकळा ओटा असं करू नका. दोन्ही वेळा ओटा रिकामा ठेवा. शेवटी दोन्ही फोटो एकमेकांवर निम्मे पारदर्शक ठेवून खिडकीचे गज आणि चौकट जुळतात का ते पाहा, आणि हे मिस्त्री सामान उचलून जाण्याआधीच करा.