समुपदेशक मॅडमना लिहिलेलं पहिलं पत्र

कॉलेजच्या समुपदेशक मॅडमना ईमेल लिहायला बसलो, तेव्हा ‘मला खूप टेन्शन येतं, मदत करा’ यापुढे काही सुचेना. रूममेट म्हणाला, “डॉक्टरला नुसतं ‘बरं वाटत नाही’ सांगून भागतं का? कधीपासून, किती वाजता, ते लिही.” मग आठ दिवस वहीच्या मागच्या पानावर वेळा टिपल्या आणि हे पाठवलं:

‘नमस्कार मॅडम,

मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. साधारण तीन महिन्यांपासून रोज पहाटे पाचच्या आत जाग येते आणि छातीत धडधडू लागतं. फी, बॅकलॉग, आईची तब्येत, एकातून दुसरी काळजी निघत राहते. प्रॅक्टिकलच्या दिवशी घास उतरत नाही. गेल्या आठवड्यात व्हायवाला माझा नंबर यायच्या आधीच लॅबच्या दारातून परत आलो. उत्तरं येत होती. झोपायला एक वाजतो. दिवसाला पाच-सहा चहा होतात. औषध कुठलंच चालू नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत नाहीत. घरी अजून बोललेलो नाही.

मला पहिली भेट हवी आहे. मंगळवारी आणि गुरुवारी तीननंतर मोकळा असतो. कृपया वेळ कळवावी.’

चहाचं वाक्य मी दोनदा खोडलं होतं, बावळट वाटलं म्हणून. मॅडमनी सुरुवात तिथूनच केली, कारण जास्त चहा-कॉफीनेही धडधड वाढते, झोप उडते. थायरॉइडचं हार्मोन वाढलं तरी असंच होतं, म्हणून त्यांनी डॉक्टरांना भेटून रक्त तपासून घ्यायला सांगितलं. (रिपोर्ट नॉर्मल आला. मला उगाच वाईट वाटलं. गोळीवर भागलं असतं!)

जिवाबद्दलचं वाक्य मात्र खरं असेल तरच लिहा. तसे विचार येत असतील तर भेटीची वाट न बघता टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो. मॅडमनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं, की इथलं बोलणं घरी किंवा एचओडींकडे जात नाही. अपवाद जिवाला धोका असेल तेव्हाचा.

मग सात प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं, याला प्रत्येकी ० ते ३ गुण. माझे २१ पैकी १३ आले. दहा किंवा जास्त आले की नीट चौकशी करायची, एवढाच त्याचा अर्थ. नुसत्या आकड्यावरून आजार ठरत नाही. गोळ्या लागल्याच तर त्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, समुपदेशक नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो व्हायवाच्या वाक्यावर. “परत फिरल्यावर कसं वाटलं?” मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, “एकदम हलकं.” “आणि पुढच्या व्हायवाचा विचार केल्यावर?” ते आधीपेक्षा जड होतं. त्यांनी कागदावर लॅबचं दार काढलं आणि पुढच्या मंगळवारपर्यंतचं काम दिलं: चारनंतर चहा नाही, आणि प्रॅक्टिकल नसलेल्या दिवशी त्या दाराशी दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं.