चहाच्या व्यवसायासाठी दोन शब्दांतून एक नाव कसे घडवावे

डिचोलीतील एखादा घरगुती उद्योग तुळस घातलेल्या चहाची पाकिटे विकणार आहे, असे समजू. प्रथम कागदावर दोन रकाने करावेत. एकात मालाशी संबंधित शब्द लिहावेत: चहा, तुळस, कोकम, वाफ. दुसऱ्यात तो चहा घेण्याच्या जागेचे आणि वेळेचे: हाट, अंगण, सांज, पाऊस.

आता पहिल्या शब्दाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांत सारखा ध्वनी शोधावा. असा ध्वनी मिळाला की सांधा दिसत नाही. ‘चहा’ आणि ‘हाट’ यांत ‘हा’ समान असल्यामुळे ‘चहाट’ हे नाव सहज जुळते; परंतु मराठी कान ते अर्धवट ऐकून ‘चहाटळ’ असे पूर्ण करतो, आणि पलीकडे ‘चहाडी’ही उभीच असते. म्हणून सांधा कितीही सुबक असला, तरी अशा नावाचा मोह सोडावा. ‘चा’ने संपणारी नावेही मला धोक्याची वाटतात, कारण मराठीत तो षष्ठीचा प्रत्यय आहे आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो.

‘तुळस’ आणि ‘सांज’ यांतून ‘तुळसांज’ तयार होते. अंगणातील वृंदावनापुढे सांजवात लावणाऱ्या घरांना ते आपलेसे वाटेल. तरीही तेथे थांबू नये. ‘तुळशीपत्र ठेवणे’ म्हणजे हक्क सोडणे, आणि मरणाऱ्याच्या मुखातही तुळशीपत्र ठेवतात; त्यात ‘सांज’ आल्यावर कोणाला आयुष्याची अखेर आठवते का, हे वडीलधाऱ्यांना विचारलेच पाहिजे.

विचारताना अर्थ आधी सांगू नये. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटणाऱ्या दहा जणांना नाव एकदाच ऐकवावे आणि त्यांना काय आठवले ते त्यांच्याच शब्दांत टिपावे. त्यांत कोंकणी, हिंदी, कन्नड बोलणारे आणि पोर्तुगीज जाणणारे एखादे वृद्ध गृहस्थ असावेत. दोघांना एकच वाईट अर्थ सुचला, तर मी ते नाव बाद करीन.

पुढे तेच नाव फोनवर सांगून रोमन लिपीत लिहून घ्यावे. ‘ळ’साठी रोमनमध्ये वेगळे अक्षर नसल्यामुळे Tulsanj पाहून पर्यटक ‘तुलसांज’ म्हणेल. तेवढा फरक चालतो; मात्र प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे आले, तर शोधणाऱ्याला दुकान सापडणार नाही.

शेवटी भारतीय ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोधात नाव पाहावे. पाकीटबंद चहासाठी वर्ग 30 आणि चहा पाजणाऱ्या दुकानासाठी वर्ग 43 तपासावा. अक्षरांबरोबर उच्चारानुसारही शोध घ्यावा, कारण ‘तुलसांझ’सारखे नाव तेथे आधीच असले, तरी हरकत येऊ शकते. पाकिटे छापायला द्यायची ती यानंतरच.