शर्ट-पँटचं आटोपशीर कपाट: या चुका टाळा

फक्त शर्ट-पँट घालणाऱ्या माणसाचं दहा-बारा कपड्यांत छान भागतं. तरी बहुतेकांचं गणित चुकतं, कारण खरेदी रंग बघून होते. कापडाला हात लावून बघतो कोण?

माझ्या भाच्याने नोकरी लागल्यावर सेलमधून एकदम सहा शर्ट उचलले. पांढरा, आकाशी, फिकट गुलाबी, पिस्ता, असे रंग सगळे वेगळे, पण कापड एकच, गुळगुळीत पॉपलिन. पँटीही टेरीकॉटच्या, तशाच तुळतुळीत. मग तक्रार, "मामा, रोज वेगळा शर्ट घालतो, तरी लोकांना कालचाच वाटतो." मी सहाही पलंगावर पसरले आणि मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. एक शर्ट कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते कळेना. खरेदीआधी हा फोटो मी आजही काढतो.

सहांतले पांढरा आणि आकाशी ठेवले. सोबत जाड विणीच्या पांढऱ्या ऑक्सफर्ड कापडाचा एक, निळ्या-पांढऱ्या धाग्यांनी विणलेल्या शॅम्ब्रेचा एक आणि जाड्याभरड्या खादीचा एक घेतला. पँटी तीन: खाकी कॉटन ट्विल, गडद राखाडी टेरीवूल, तपकिरी कॉरड्रॉय. खरखरीत कापडावर उजेड विखुरतो, गुळगुळीतावर चमकतो. त्यामुळे पांढऱ्यावर पांढराही वेगळा दिसतो. शर्ट गुळगुळीत असेल तर पँट खरखरीत पोताची, एवढंच मी पाळतो.

दुसरी चूक थराची, म्हणजे शर्टावर शर्ट घालण्यातली. वरून उघडा घालायचा जाड शर्ट लोक नेहमीच्याच मापाने शिवतात आणि मग काखेत अडकला की कापडाला नावं ठेवतात. शिंप्याकडे जाताना आतला शर्ट अंगावर ठेवूनच माप द्या. घेर आतल्या शर्टापेक्षा तीन-चार इंच जास्त हवा, मुंढाही थोडा खोल. आतला शर्ट पातळ आणि गुळगुळीत असावा, नाहीतर खरखरीतावर खरखरीत बाही सरकत नाही, कोपरापाशी गोळा होते. आणि खादी किंवा जाड सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर भिजवून सावलीत वाळवाच. शंभराला पाच आटलं तरी चोवीस इंचाची बाही जवळजवळ सव्वा इंचाने वर जाते. "एवढा वेळ कुणाला आहे?" म्हणणारे पहिल्या धुण्यानंतर माझ्याकडेच येतात.

लिननला कांजी करून त्याचा पत्रा करू नका.

पातळ पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं, कातडीच्या रंगाजवळचं घ्या.

पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात थराचा हट्ट नको. तेव्हा एकच शर्ट, पण पोताचा.

कॉरड्रॉयला उलट्या बाजूने इस्त्री करा, टेरीवूलवर ओलं फडकं ठेवून. थेट इस्त्रीने कॉरड्रॉयचे उभे धागे दबतात आणि टेरीवूलला गुडघ्यावर जी चमक येते, ती सहसा परत जात नाही.