जनरेटरचा धूर गच्चीवर नेताना

इमारतीच्या जनरेटरचा धुराचा पाइप किती उंच हवा, याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र सोपं आहे: H = h + 0.2√kVA. इथे H म्हणजे पाइपच्या तोंडाची उंची आणि h म्हणजे इमारतीची उंची, दोन्ही मीटरमध्ये; kVA म्हणजे जनरेटरची क्षमता. 21 मीटर इमारत आणि 250 केव्हीएचा संच असेल, तर 250 चं वर्गमूळ साधारण 15.8, त्याचा पाचवा भाग 3.2. म्हणजे पाइपचं तोंड जमिनीपासून 24.2 मीटरवर.

खरी चूक इथून पुढे होते. जनरेटरच्या कॅनॉपीतून, म्हणजे बाहेरच्या आवरणातून, जितक्या व्यासाचा पाइप बाहेर येतो, तोच थेट गच्चीपर्यंत चढवतात. इतक्या लांबीत धुराला अडथळा होतो, इंजिनवर उलटा दाब, म्हणजे बॅक प्रेशर, येतो. मग लोड वाढला की काळा धूर निघतो आणि इंजिन दमतं. म्हणून लांबी आणि वळणं मोजून, इंजिनच्या डेटाशीटमधल्या बॅक प्रेशरच्या मर्यादेत बसेल असा मोठा व्यास घ्या. वळणं कमी ठेवा आणि मोठ्या गोलाईची घ्या.

दुसरं, पोलाद तापलं की लांबतं. 24 मीटरचा पाइप 400 अंशांनी तापला तर सुमारे 115 मिलिमीटर वाढतो! तेवढा वाव देणारे बेलो, म्हणजे लवचीक जोड, बसवा, आणि पाइपचं वजन भिंतीवरच्या आधारांवर घ्या, इंजिनच्या टर्बोचार्जरवर अजिबात नको. उभ्या पाइपच्या तळाशी पाणी काढायचा कॉक ठेवा. नाहीतर पावसाचं पाणी थेट इंजिनात उतरतं.