परदेशी सबस्क्रिप्शनचे पैसे दर महिन्याला का अडकतात? या चुका टाळा

परदेशी कंपनीचे सॉफ्टवेअर किंवा एखादी ऑनलाइन सेवा मासिक वर्गणीवर घेतली, पहिल्या महिन्याचे पैसे सहज गेले आणि दुसऱ्या महिन्यात मात्र 'पेमेंट नाकारले' असा निरोप आला, ही तक्रार भारतीय कार्डधारकांकडून वारंवार ऐकू येते. अशा वेळी बहुतेक जण कार्ड बिघडले असे समजतात किंवा कंपनीला दोष देतात. मूळ कारण बहुधा रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या, म्हणजे आपोआप वसुलीसाठी ग्राहकाने बँकेत नोंदवलेल्या आगाऊ परवानगीच्या, नियमांत असते. 1 ऑक्टोबर 2021 पासून, कार्डातून ठरावीक काळाने आपोआप पैसे वळते करायचे असतील, तर त्याची आगाऊ नोंद ग्राहकाने ओटीपीसारख्या अतिरिक्त पडताळणीने केलेली असणे बंधनकारक आहे. डेबिट, क्रेडिट आणि प्रीपेड अशा तिन्ही कार्डांना हा नियम लागू आहे.

पहिले पेमेंट झाले म्हणजे मँडेटही नोंदले गेले, असे गृहीत धरणे ही सर्वांत मोठी चूक आहे. पहिल्या वेळी आपण स्वतः स्क्रीनसमोर बसून कार्डाचा क्रमांक भरतो, त्यामुळे बँक तो व्यवहार ग्राहकाने केलेला मानते; परदेशी संकेतस्थळावर तर तो अनेकदा ओटीपी न मागताही पूर्ण होतो. पुढच्या महिन्यात तीच मागणी कंपनीच्या यंत्रणेकडून येते आणि त्यामागे मँडेट सापडले नाही, की बँक ती फेटाळते. खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. नोंदणी झाली असेल, तर बँकेकडून तसा एसएमएस किंवा ईमेल आलेला असतो आणि बँकेच्या अ‍ॅपमधील ई-मँडेट किंवा स्थायी सूचनांच्या यादीत त्या कंपनीचे नाव दिसते. नाव नसेल, तर त्या कंपनीच्या खात्यातून जुने कार्ड काढून ते पुन्हा जोडावे आणि नोंदणीचा टप्पा येतो का ते पाहावे. तो येतच नसेल, तर कंपनीने भारतीय मँडेटची सोय केलेलीच नाही, असे समजायला हरकत नाही. मग दर महिन्याला स्वतः पैसे भरणे किंवा वार्षिक योजना घेऊन ही कटकट वर्षातून एकदाच सोसणे, हे दोनच सरळ मार्ग उरतात. त्याऐवजी नाकारलेले पेमेंट लागोपाठ पुन्हा करून पाहू नये, कारण त्याने मँडेट तयार होत नाही. उलट संशयास्पद हालचाल म्हणून बँक कार्डच अडवण्याची शक्यता असते.

मँडेट असूनही दर महिन्याला नव्याने मंजुरी मागितली जात असेल, तर रक्कम तपासावी. जून 2022 मध्ये अशा व्यवहारांची मर्यादा 15,000 रुपये करण्यात आली. त्यावरच्या प्रत्येक वसुलीला स्वतंत्र पडताळणी लागते. वर्गणी डॉलरमध्ये असली, की ही रेषा नकळत ओलांडली जाते. समजा, एका छोट्या कार्यालयाने पाच जणांसाठी माणशी 30 डॉलरची योजना घेतली. 150 डॉलरवर 18 टक्के जीएसटी धरून 177 डॉलर होतात. बँकेचा दर 84 रुपये असताना ही रक्कम 14,868 रुपये होते आणि विनासायास जाते; दर 86 झाला, की ती 15,222 होते आणि त्या महिन्यात मंजुरीची लिंक येते. ती लिंक वेळेत उघडली नाही, तर वसुली फेटाळली जाते. सेवेत काहीही बदल झालेला नसतो, फक्त रुपया घसरलेला असतो. कार्यालय जीएसटीखाली नोंदणीकृत असेल, तर आपला क्रमांक कंपनीच्या बिलिंगमध्ये भरावा. मग कंपनी सहसा कर लावत नाही, तो रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो आणि कार्डावरची मागणी 86 च्या दरानेही 12,900 रुपयांवर राहते. नोंदणी करताना आपणच कमाल रक्कम ठरवतो, तीही नेमकी आजच्या हिशोबाने न ठेवता दराच्या चढउताराला पुरेल इतकी ठेवणे शहाणपणाचे.

वसुलीच्या किमान 24 तास आधी बँकेने सूचना पाठवणे बंधनकारक आहे. त्या सूचनेत व्यवहार थांबवण्याची सोयही असते. जाहिरातीचा संदेश समजून ती पुसू नये आणि घाईत थांबवण्याचा पर्यायही निवडू नये.

कार्डावर आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन वापर सुरू आहे का, हेही एकदा पाहावे. 2020 पासून नवी कार्डे या सोयी बंद ठेवूनच दिली जातात. सोय सुरू केली तरी अ‍ॅपमधील दैनंदिन मर्यादा वर्गणीपेक्षा कमी असेल, तर परिणाम तोच होतो. कार्डाची मुदत संपून नवे कार्ड आले, तर जुने मँडेट त्यावर आपोआप येईल असे धरून चालू नये. पुढच्या वसुलीच्या तारखेच्या काही दिवस आधीच यादी तपासावी आणि नाव नसल्यास नव्या कार्डाने पुन्हा नोंदणी करावी.