वेंडरसाठी साहेबांची वेळ मागताना ईएला मेल कसा लिहावा

परराज्यांतल्या दोन-तीन यंत्र पुरवठादारांचं गोव्यातलं काम मी बघतो. वेर्णा आणि कुंडईच्या कारखान्यांत प्लांट हेडच्या ईएकडे, म्हणजे त्यांचं कॅलेंडर सांभाळणाऱ्या सहायकाकडे, साहेबांची वेळ मागणं हे त्यातलं नेहमीचं काम. मेल नम्र हवा, थोडक्यात हवा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण नम्रता कमी पडली म्हणून वेळ नाकारलेली मी अजून पाहिलेली नाही. साहेबांनी नेमकं काय करायचं आहे हे मेलवरून कळत नाही, म्हणून वेळ मिळत नाही.

पहिल्या ओळीत आपण कोण आणि कोणाच्या वतीने लिहितो आहोत ते सांगा. वेंडरचा मेल जसाच्या तसा पुढे ढकलू नका, कारण तो विक्रीसाठी लिहिलेला असतो.

खरी अडचण दुसऱ्या वाक्यात आहे. सुरुवातीला मी तिथे ‘परिचय व सादरीकरणासाठी एक तास’ असं लिहायचो. एका कारखान्यात असे तीन मेल गेले आणि एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी फोन केला, तेव्हा ईए मॅडम म्हणाल्या, “साहेब मला पहिला प्रश्न विचारतात, हे मेंटेनन्सवाले बघू शकत नाहीत का? तुमच्या मेलात त्याचं उत्तरच नाही. मी काय सांगू त्यांना?”

तेव्हापासून मी हे वाक्य सगळ्यात आधी लिहितो आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतो. ईए साहेबांसमोर कॅलेंडर उघडते तेव्हा तुमच्या वाट्याला एखादंच वाक्य येतं. तिला ते जसंच्या तसं वाचून दाखवता आलं पाहिजे. निर्णय कोणता, तो साहेबांनीच का घ्यायचा आणि कोणत्या तारखेनंतर काम अडेल, एवढं त्यात हवं. ‘कोण अडलं आहे’ हे लिहायला संकोच वाटतो, पण नेमकं तेच लिहावं लागतं. दोन विभागांचं एकमत होत नसेल तर दोघांना कोणत्या तारखा हव्या आहेत ते सांगा. दोष मात्र कोणालाच देऊ नका, कारण तो मेल त्या विभागांकडेही जाणार असतो.

व्यवहार कोणत्या टप्प्यावर आहे तेही लिहा. कोटेशन अजून उघडी असतील तर एकट्या वेंडरला साहेबांकडे नेणं चुकीचं आहे आणि जाणती ईए तो मेल सरळ पर्चेसकडे पाठवते. तिथे तुमचं नाव खराब होतं. अशा वेळी मागूच नये.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं उदाहरण घेऊ. नवा ब्लोअर मुख्य पाइपला जोडताना टाकीची हवा काही तास बंद ठेवावी लागते. ती फार वेळ बंद राहिली तर टाकीतले जिवाणू मरू लागतात, म्हणून त्या दिवशी उत्पादन कमी करून सांडपाणीही कमी सोडावं लागतं. आमच्याकडे मेल बहुधा इंग्रजीत जातो, पण वाक्यांचा क्रम असाच ठेवावा:

विषय: ब्लोअर जोडणीची तारीख – प्लांट हेडचा निर्णय, २० मिनिटं

मॅडम, नमस्कार. ब्लोअर पुरवणाऱ्या कंपनीचा गोव्यातला प्रतिनिधी म्हणून त्यांच्या वतीने लिहितो आहे. जोडणीसाठी आठ तास हवा बंद ठेवावी लागेल. मेंटेनन्सला १४ डिसेंबर सोयीचा आहे आणि प्रॉडक्शनला २१. त्या दिवशीचं उत्पादन कमी करायचं असल्याने तारीख साहेबांनीच ठरवायची आहे. १० तारखेपर्यंत ठरली नाही तर १४ ला जोडणारी टीम मिळणार नाही. ऑर्डर दिलेली आहे, दराचा विषय नाही. मंगळवार ९ किंवा बुधवार १० डिसेंबर, सकाळी ११ नंतर केव्हाही चालेल. भेट शक्य नसेल तर सोबतच्या एका पानावर साहेबांनी तारीख कळवली तरी पुरे.

शेवटचं वाक्य गाळू नका. भेट न घेताही काम होण्याची वाट दिली की ईए तुमचा मेल बाजूला ठेवत नाही. मला कित्येकदा उत्तर तिथूनच आलं आहे.

तारखा सुचवताना वेंडरवर विसंबू नका. पुण्याच्या माणसाला ३ डिसेंबर हा साधा दिवस वाटतो. इथे सेंट झेवियरच्या फेस्ताची सुट्टी असते. १९ डिसेंबरला मुक्तिदिन. चवथीच्या दिवसांत तर विचारूच नये. अकरानंतरची वेळ मागण्याचं कारण म्हणजे माणूस रात्रीच्या बसने येतो आणि बस उशिरा पोचू शकते.

कॅलेंडरचं निमंत्रण हातात येईपर्यंत वेंडरला वेळ पक्की झाल्याचं सांगू नका. फोनवर ‘बहुतेक मंगळवार’ ऐकून मी एकदा तिकीट काढायला लावलं होतं आणि माणूस गेटवरून परत गेला. निमंत्रण आलं की त्याच मेलला उत्तर देऊन येणाऱ्यांची नावं आणि गाडीचा नंबर कळवा, म्हणजे गेटपास आधीच तयार राहतो.